‘पूर्ण रिफंड’ मिळूनही ५८ डॉलर कमी कसे?

प्रश्न: माझं कार्ड डॉलरचं आहे आणि हॉटेल युरोतलं. साइटवर चार रात्रींचे ८८० डॉलर दिसत होते, कार्डावर लागले ९०६.४०. तीन आठवड्यांनी बुकिंग रद्द केलं. साइट म्हणते पूर्ण रिफंड दिला, पण खात्यात आले ८४८. हे ५८ डॉलर कुणी खाल्ले? पैसे भरतानाच डॉलर निवडले असते तर वाचले असते का?

उत्तर: खाणारा एकटा नाही. ५८.४० पैकी २६.४० तुमच्या बँकेचं शुल्क आहे आणि उरलेले ३२ दराच्या चढउतारात गेले. साइटने तुमच्याकडून ८०० युरो घेतले आणि ८०० युरोच परत पाठवले. तिच्या वहीत हा हिशोब चोख आहे, म्हणून ती ‘पूर्ण रिफंड’ म्हणते आणि तिच्या बाजूने ते खरंही आहे. डॉलर निवडले असते तर रिफंड बहुधा पैशापैशाने जुळला असता, पण भरताना जास्त मोजावे लागले असते. किती जास्त, हे साइटपेक्षा तुमच्या बँकेच्या एका वाक्यावर अवलंबून आहे. त्या वाक्याकडे पुढे येतो.

कार्डाच्या तक्रारींचं काम करताना अशी स्टेटमेंटं मी ढिगाने पाहिली आहेत. जवळजवळ प्रत्येकात गोंधळाचं मूळ एकच असतं: साइटवर किंमत ज्या चलनात दिसते त्याच चलनात पैसे कापले जातात, असं माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात एका बुकिंगमध्ये तीन चलनं असू शकतात. साइटच्या कोपऱ्यात तुम्ही निवडलेलं, म्हणजे फक्त दाखवण्याचं चलन. प्रत्यक्ष आकारणीचं चलन. आणि तुमच्या कार्डाचं चलन, ज्यात बिल येतं. तुमच्या बाबतीत पहिलं आणि तिसरं डॉलर होतं, मधलं युरो. ८८० हा आकडा साइटने त्या दिवशीच्या बाजारभावाने तुमच्या सोयीसाठी मांडलेला अंदाज होता. किंमतीजवळ ‘अंदाजे’ किंवा ‘आकारणी युरोमध्ये होईल’ अशा अर्थाची बारीक ओळ बहुतेक वेळा असते, फक्त ती पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर असते आणि तिथे पोचेपर्यंत आपलं लक्ष कार्डाच्या नंबरावर गेलेलं असतं.

आता ८०० युरोंचा प्रवास बघू. साइटने तुमच्या बँकेकडे मागणी पाठवली ती ‘८०० युरो’ अशी. त्या मागणीत डॉलरचा पत्ताच नव्हता. युरोचे डॉलर केले कार्डाच्या नेटवर्कने, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या मधल्या यंत्रणेने, आपल्या त्या दिवसाच्या दराने. समजा तो दर १.१० होता. मग ८०० गुणिले १.१०, म्हणजे ८८०. इथवर साइटवरचा अंदाज आणि खरा आकडा एकच. त्यावर तुमच्या बँकेने परकीय चलनाच्या व्यवहाराचं ३ टक्के शुल्क लावलं, म्हणजे २६.४०. झाले ९०६.४०.

काही बँका हे शुल्क वेगळ्या ओळीत दाखवतात, तेव्हा स्टेटमेंट साधारण असं दिसतं:

```
HOTEL BOOKING   EUR 800.00  @1.1000   USD 880.00
FOREIGN TRANSACTION FEE               USD  26.40
```

काही बँका दोन्ही एकत्र करून थेट ९०६.४० छापतात. तेव्हा शुल्क दिसत नाही, पण काढता येतं. स्टेटमेंटवरच्या डॉलरना मूळ युरोंनी भागा: ९०६.४० भागिले ८०० म्हणजे १.१३३. हा तुम्हाला प्रत्यक्ष पडलेला दर. मग नेटवर्कच्या संकेतस्थळावरच्या चलन-गणकयंत्रात त्या तारखेचा दर बघा. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचीही अशी गणकयंत्रं सगळ्यांना खुली आहेत. तिथे १.१० दिसला की १.१३३ भागिले १.१० बरोबर १.०३, म्हणजे ३ टक्के. मी कोणतीही तक्रार हातात घेतली की आधी हा भागाकार करतो. निम्म्या प्रकरणांचा उलगडा तिथेच होतो. फक्त तारीख नीट धरा. तुम्ही बटण दाबलं ती तारीख आणि व्यवहार नेटवर्ककडे प्रक्रियेला गेला ती तारीख यांत एक-दोन दिवसांचं अंतर असू शकतं, आणि दर साधारणपणे दुसऱ्या तारखेचा लागतो. बुकिंगच्या दिवशी ‘प्रलंबित’ म्हणून दिसणारी रक्कम दोन दिवसांनी थोडी बदलते, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

रिफंडकडे वळू, कारण खरा गैरसमज तिथे आहे. आपल्याला वाटतं, रिफंड म्हणजे आधीचा व्यवहार खोडणं. तसं नसतं. एकदा व्यवहार पूर्ण होऊन पोस्ट झाला, म्हणजे खात्यावर पक्का नोंदला गेला, की रिफंड हा पूर्णपणे नवा, उलट्या दिशेचा व्यवहार असतो. साइट ‘८०० युरो परत’ असा निरोप पाठवते. नेटवर्क त्याचं रूपांतर रिफंड प्रक्रियेला येईल त्या दिवसाच्या दराने करतं. तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला कोणता दर पडला होता, याच्याशी या निरोपाला देणंघेणं नसतं. मधल्या काळात युरो १.०६ वर घसरला असं समजू: ८०० गुणिले १.०६, म्हणजे ८४८. तुमच्या खात्यात आले ते हेच. ८८० आणि ८४८ मधले ३२ डॉलर कुणाच्याही खिशात ठरवून गेलेले नाहीत. तीन आठवडे तुम्ही नकळत ८०० युरो धरून बसला होता आणि तेवढ्यात त्यांचा भाव उतरला.

हेच उलटंही होतं. युरो १.१४ वर गेला असता तर ९१२ आले असते, म्हणजे शुल्क भरूनही तुम्ही ५.६० डॉलरने वर राहिला असता. असे लोक अर्थात तक्रार घेऊन येत नाहीत. म्हणून ‘रिफंड नेहमी कमीच येतो’ असा समज पसरलेला दिसतो. दोन्ही बाजू होऊ शकतात, फक्त शुल्कामुळे तराजू तुमच्या विरुद्ध थोडा कललेला असतो. शिवाय काही ठिकाणी खरेदीला एक आणि परताव्याला त्याहून किंचित कमी असे दोन दर असतात, त्यामुळे बाजार जागचा हलला नाही तरी थोडं नुकसान होऊ शकतं.

आता ते २६.४०. बँकांच्या वागण्यात इथे मोठा फरक आहे आणि मला वाटतं बहुतेकांचे पैसे याच जागी गळतात. मी तीन प्रकार पाहिले आहेत. पहिल्यात बँक रिफंडवरही त्याच टक्क्याने शुल्क परत देते: ८४८ वर ३ टक्के म्हणजे २५.४४, एकूण ८७३.४४ जमा. नुकसान फक्त ३२.९६. दुसऱ्यात शुल्क परत मिळत नाही. तुमची बँक या प्रकारातली दिसते, नुकसान ५८.४०. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. रिफंड हाही परकीय चलनातलाच व्यवहार म्हणून त्यावर पुन्हा ३ टक्के कापले जातात. मग ८४८ मधून २५.४४ जाऊन ८२२.५६ हातात येतात आणि नुकसान ८३.८४ वर पोचतं. तोच रिफंड, तोच दिवस, तेच नेटवर्क. फक्त बँक वेगळी. बँकेच्या शुल्कपत्रकात परताव्याबद्दलची ओळ शोधा. ती सापडली नाही तर लेखी विचारा. फोनवरचं उत्तर पुढे कामाला येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: डॉलर निवडले असते तर?

तेव्हा रूपांतर नेटवर्कने केलं नसतं, साइटने केलं असतं, तिच्या स्वतःच्या दराने. हा दर बाजारभावापेक्षा काही टक्के वर असतो, कारण मधल्या काळातल्या चढउताराची जोखीम ती घेते आणि त्यावर थोडं कमावतेही. समजा ती ४ टक्के वर लावते. मग तुमचा दर १.१४४ आणि रक्कम ९१५.२०. हा टक्का पडद्यावर लिहिलेला असेलच असं नाही, पण काढणं सोपं आहे. पैसे भरण्याच्या पानावर चलन बदलून दोन्ही आकडे लिहून घ्या आणि एकाला दुसऱ्याने भागा: ९१५.२० भागिले ८००. आलेला १.१४४ नेटवर्कच्या १.१० शेजारी ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. दोन्ही आकडे एकाच खोलीचे आणि एकाच रद्द करण्याच्या अटीचे आहेत ना, एवढं मात्र बघा. चलन बदलताना पान नव्याने उघडतं आणि कधी कधी निवडलेला पर्यायही बदलून जातो.

इथेच सुरुवातीला म्हटलेलं बँकेचं वाक्य येतं. शुल्कपत्रकात ‘परकीय चलनातील व्यवहारांवर’ शुल्क असं लिहिलेलं असेल, तर डॉलरमध्ये आकारणी झाली की ३ टक्के लागणार नाहीत. तुम्हाला ९१५.२० पडतील, म्हणजे युरोच्या वाटेपेक्षा फक्त ८.८० जास्त. पण तिथे ‘परदेशातील व्यापाऱ्याशी केलेल्या व्यवहारांवर, चलन कोणतंही असो’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर खेळ बिघडतो. साइटची पैसे घेणारी कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली असेल तर डॉलरमध्ये भरूनही ३ टक्के लागतात: ९१५.२० वर २७.४६, एकूण ९४२.६६. म्हणजे साइटचे ४ टक्केही दिले आणि बँकेचे ३ टक्केही. भागाकार केला तर दर येतो १.१७८. ‘मी तर माझ्याच चलनात पैसे भरले, मग हे परदेशी शुल्क कसलं?’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी शुल्कपत्रकाचं ते पान काढून ठेवतो. साइट तुमच्या भाषेत आणि तुमच्या चलनात दिसते म्हणून ती तुमच्या देशातली ठरत नाही. बँकेला दिसतो तो व्यापाऱ्याचा नोंदणीचा देश.

रिफंडच्या बाजूने मात्र डॉलरची वाट सरळ आहे. ९१५.२० डॉलर घेतले असतील तर परत येताना ९१५.२० डॉलर, कारण नेटवर्कला रूपांतर करण्यासारखं काही उरतच नाही. मधल्या काळात युरो घसरला तर तो साइटचा प्रश्न. बँकेने वरचे २७.४६ लावले असतील आणि परत दिले नाहीत, तर नुकसान तेवढंच. या नियमाला एक अपवाद मी पाहिला आहे. क्वचित साइटच्या अटींत असं असतं की रिफंडची रक्कम हॉटेलच्या चलनात मोजून त्या दिवशीच्या दराने दिली जाईल. मग डॉलर निवडण्याचा सगळा फायदाच संपतो. साइटने आपल्या फरकासकट उलटा दर लावला तर काय होईल ते बघा. १.०६ मधून ४ टक्के वजा केले की १.०१७६, गुणिले ८००, म्हणजे ८१४.०८. भरलेल्या ९१५.२० पेक्षा १०१ डॉलर कमी. म्हणून अटींमध्ये ‘रिफंड मूळ आकारणीच्या चलनात आणि रकमेत’ असे शब्द आहेत का, तेवढं वाचून घ्या. बाकीच्या अटी नाही वाचल्या तरी चालेल, मीही वाचत नाही.

मग निवडायचं काय? माझं मत असं. तुमच्या कार्डावर परकीय चलनाचं शुल्कच नसेल, तर हॉटेलचं चलन निवडा आणि पुढे जा. युरोच्या वाटेने ८८०, डॉलरच्या वाटेने ९१५.२०. दर घसरण्याच्या भीतीवर विमा म्हणून ३५.२० डॉलर मोजण्यासारखे नाहीत, कारण वरच्या उदाहरणात युरो साडेतीन टक्क्यांहून जास्त घसरला तरी नुकसान ३२ झालं, आणि तो वरही जाऊ शकला असता. पण कार्डावर ३ टक्के शुल्क असेल, ते फक्त परकीय चलनावर लागत असेल, बँक रिफंडवर ते परत देत नसेल आणि बुकिंग रद्द होण्याची खरीच शक्यता असेल, तर आपलं चलन निवडणं शहाणपणाचं ठरू शकतं. ८.८० डॉलरमध्ये रिफंडची चिंता मिटते. ‘आपलं चलन कधीच निवडू नका’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो हॉटेलच्या काउंटरवर बहुतेक वेळा बरोबर असतो. रद्द होऊ शकणाऱ्या आगाऊ बुकिंगला तो डोळे मिटून लावू नये.

तिसरी एक वाट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते: आत्ता पैसेच न भरण्याची. विनाशुल्क रद्द करता येणारं आणि मुक्कामाच्या वेळी किंवा त्याआधी काही दिवस पैसे कापणारं बुकिंग मिळत असेल, तर रद्द केल्यावर परत यायला मुळात काही गेलेलंच नसतं. रूपांतर नाही, शुल्क नाही, रिफंडही नाही. अशा बुकिंगमध्ये कार्डावर कधी कधी रक्कम रोखून ठेवतात. ती पोस्ट होण्याआधी सोडली तर जशीच्या तशी मोकळी होते. तुम्ही बुकिंग केल्यापासून काही तासांतच विचार बदललात, तर साइटला ‘रिफंड करा’ म्हणू नका, ‘व्यवहार अजून पोस्ट झाला नसेल तर रद्द करा’ असं म्हणा. आधीच रद्द झालेल्या व्यवहारात नवा दर शिरायला जागाच नसते. पोस्ट झाल्यावर मात्र हा दरवाजा बंद होतो.

‘हॉटेलवर पैसे भरा’ या बुकिंगमध्ये आकारणी हॉटेल करतं, त्यामुळे साइटवर निवडलेल्या चलनाला काही किंमत राहत नाही. तिथे वेगळा सापळा असतो. काउंटरवरचं यंत्र विचारतं, ‘युरोमध्ये की डॉलरमध्ये?’ कधी तर काउंटरवरचा माणूसच तुमच्या वतीने बटण दाबून मोकळा होतो. डॉलर म्हटलं की रूपांतर हॉटेलच्या बाजूची कंपनी करते आणि तिचा दर नेटवर्कच्या दरापेक्षा बहुतेक वेळा महाग पडतो. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमानुसार, एप्रिल २०२० पासून संघातल्या अशा रूपांतरात युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरापेक्षा किती टक्के जास्त लावले जात आहेत ते पैसे भरण्याआधी दाखवावं लागतं. तो टक्का एकदा वाचला की माणूस आपसूक युरोचं बटण दाबतो. आणि रूपांतर तुम्हाला न विचारता झालं असेल, तर ते वादाचं अधिकृत कारण आहे. व्हिसाच्या नियमांत चुकीच्या चलनासाठी 12.3 हा स्वतंत्र क्रमांक आहे. बँकेला पत्र लिहिताना तो लिहिलात तर अर्ज योग्य टेबलावर लवकर पोचतो. मात्र पावतीवर ‘मी चलन निवडलं आहे’ या ओळीखाली तुमची सही असेल तर हात बांधले जातात.

काउंटरवरची आणखी एक चूक मी स्वतःच्या कार्डावर भोगली आहे. मुक्काम एका रात्रीने कमी केला. मूळ पैसे डॉलरमध्ये घेतले होते, आणि परत देताना हॉटेलच्या माणसाने यंत्रावर नव्याने युरोमध्ये रिफंड काढला. जाताना रक्कम हॉटेलच्या दराने डॉलर झाली होती, परतताना नेटवर्कच्या दराने. एका रात्रीसाठी दोन वेगळे दर पडले आणि फरक माझ्या माथी. पावती खिशात घालण्याआधी वाचली असती तर तिथल्या तिथे सुधारून घेता आली असती. ती मी वाचली खोलीत जाऊन.

अर्धवट रिफंडातही हाच घोळ होतो. समजा साइटने एका रात्रीचा दंड म्हणून २०० युरो ठेवले आणि ६०० परत दिले. माणूस मनात हिशोब करतो: ९०६.४० चे तीन चतुर्थांश, म्हणजे ६७९.८० यायला हवेत. येतात ६०० गुणिले १.०६, म्हणजे ६३६. मग तो साइटशी भांडत बसतो, आणि साइटकडे युरोच्या हिशोबात एका पैशाचीही चूक नसते. भांडण्याआधी रिफंड युरोमध्ये किती आला ते बघा. तो बरोबर असेल तर पुढचं बोलणं फक्त बँकेशी.

आकारणी कोणत्या चलनात होणार, हे ओळखायची माझी सगळ्यात विश्वासाची जागा साइट नव्हेच. बँकेकडून येणारा पासवर्डचा संदेश किंवा संमतीचा पडदा बघा. तिथे ‘EUR 800.00’ असेल तर आकारणी युरोत आहे, वर साइटवर काहीही दिसो. ‘USD 915.20’ असेल तर डॉलरमध्ये. हा पडदा खऱ्या मागणीतून तयार होतो. नुसत्या चिन्हावर विसंबू नका. `$` हे चिन्ह अमेरिकेचं तसंच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि हाँगकाँगच्या डॉलरचंही आहे. म्हणून नेहमी तीन अक्षरी संकेत वाचा: `USD`, `CAD`, `AUD`, `SGD`, `HKD`. इथे संकेत अनपेक्षित दिसला तर पासवर्ड टाकू नका. मागे जा आणि चलन बदला. एकदा पासवर्ड टाकला की तुमची संमती नोंदली गेली. संकेत कधी कधी तिसऱ्याच चलनाचाही निघतो, म्हणजे हॉटेलचंही नाही आणि तुमचंही नाही. तेव्हा साइट आधी हॉटेलच्या चलनातून आपल्या चलनात आणि नेटवर्क पुढे तुमच्या चलनात, असं दोनदा रूपांतर होतं. दोन्ही टप्प्यांवर फरक जातो, आणि रिफंडवर तेच उलट्या क्रमाने होऊ शकतं. असं दिसलं तर मी सरळ दुसरी साइट बघतो.

अनेक चलनं ठेवता येणारं खातं असेल आणि त्यात युरो शिल्लक असतील, तर गोष्ट वेगळी. ८०० युरो जातात, ८०० युरो परत येतात आणि डॉलर मध्ये येतच नाहीत. फक्त पैसे भरताना युरोची शिल्लक पुरेशी हवी. ती कमी पडली तर काही खाती उरलेली रक्कम डॉलरमधून आपल्या दराने ओढून घेतात. मग रिफंड युरोमध्ये येऊन पडतो, आणि त्याचे पुन्हा डॉलर करायला आणखी एकदा फरक मोजावा लागतो.

तुमच्या प्रकरणात आता काय करता येईल? ३२ डॉलर परत मागण्यात अर्थ नाही, कुणीही देणार नाही. २६.४० साठी मात्र बँकेला लिहा. व्यवहार पूर्ण रद्द झाला असून त्याची पूर्ण रक्कम मूळ चलनात परत आली आहे, तरी त्यावर आकारलेलं परकीय चलनाचं शुल्क परत करावं, एवढंच. सोबत मूळ ओळ आणि रिफंडची ओळ, दोन्हींतला `EUR 800.00` ठळक करून जोडा. नियमात बसत नसलं तरी पहिल्यांदा विनंती करणाऱ्या जुन्या ग्राहकाला बँका हे शुल्क सोडताना मी पाहिल्या आहेत. आणि ८४८ हा आकडा नेटवर्कच्या त्या तारखेच्या दराशी जुळत नसेल, तर साइटकडून रिफंडचा तेवीस अंकी संदर्भ क्रमांक मागून घ्या. बँका त्याला `ARN` म्हणतात. तो दिला की रिफंड कोणत्या दिवशी, कोणत्या चलनात आणि किती रकमेचा निघाला, हे बँकेला शोधता येतं. साइटने तो युरोऐवजी भलत्याच चलनात पाठवला असेल तर तेही तिथेच उघडं पडेल.